जास्तीचा ‘द’ कसा शोधायचा: आर्टिकल्सचा नेहमीचा घोळ आणि तपासायचा क्रम

मी इंग्रजीचा मास्तर नाही, लोकांचे ड्राफ्ट तपासून देतो, अर्ज, रिपोर्ट, प्रबंधाची प्रकरणं, ऑफिसच्या मेल, जे येईल ते. त्यात स्पेलिंगच्या चुका आता कॉम्प्युटरच पकडतो, काळाच्या चुका थोड्या असतात, पण आर्टिकल्स म्हणजे ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ यांचा घोळ दर वेळी असतोच असतो, आणि तोही अगदी त्याच त्याच जागी. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

लक्षणं आधी बघू, कारण आजार दोन आहेत आणि त्यांची औषधं उलटी आहेत.

पहिला आजार म्हणजे उघडं नाम. ‘आय हॅव क्वेश्चन’, ‘ही इज इंजिनिअर’, ‘आय सेंट मेल’. आपल्या भाषेत आर्टिकल हा प्रकारच नाही त्यामुळे ‘मी मेल पाठवली’ हे आपल्या कानाला पूर्ण वाटतं. हा आजार सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीतरी कधीतरी लाल पेनाने ‘आर्टिकल्स मिसिंग’ असं लिहिलेलं असतं. मग तो माणूस घाबरतो आणि दुसरा आजार ओढवून घेतो, तो म्हणजे दिसेल त्या नामाआधी ‘द’ ठोकणे. ‘द लाइफ इज डिफिकल्ट’, ‘आय लव्ह द म्युझिक’, ‘द पीपल शुड रिस्पेक्ट द नेचर’. याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही कारण दिसायला ते इंग्रजी वाटतं. पण वाचणारा मनातल्या मनात थांबतो, कुठली माणसं, कुठलं म्युझिक? माझ्याकडे येणाऱ्या ड्राफ्टमध्ये घालायच्या आर्टिकल्सपेक्षा काढायचीच जास्त असतात, म्हणून ही पोस्ट मुख्यतः काढण्याबद्दल आहे.

तिसरं एक लक्षण आहे, तुमच्या मेलला ‘विच वन?’ असं उत्तर येणं. माझंच झालंय. मी एकाला लिहिलं ‘प्लीज सेंड मी द फाइल’, माझ्या डोक्यात एक फाइल होती, त्याच्या डोक्यात एकही नव्हती, तो बिचारा दोन दिवस जुन्या मेल चाळत बसला. ‘द’ चा अर्थ ‘महत्त्वाचं’ असा नाही, ‘द’ म्हणजे ‘कुठलं ते तुला कळतंय’ असं समोरच्याला सांगणं. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी पुढचं सोपं जाईल.

आता तपासण्या. सगळ्यात स्वस्त आधी, म्हणजे ज्याला डोकं लावावं लागत नाही ते.

‘अ’ की ‘अ‍ॅन’: शब्द देवनागरीत लिहून बघा

यात आपल्याला फुकटचा फायदा आहे आणि तो कुणी वापरत नाही. नियम स्पेलिंगचा नाही, उच्चाराचा आहे, आणि देवनागरी उच्चार लिहिते. पुढचा शब्द देवनागरीत स्वराने सुरू झाला तर ‘अ‍ॅन’, व्यंजनाने झाला तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एक्स-रे, सगळे स्वर, म्हणून ‘अ‍ॅन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे, हे ‘य’ आणि ‘व’ ने सुरू होतात म्हणून ‘अ’. एका ठिकाणी मात्र आपली देवनागरी फसवते, आपण ‘इयर’ लिहितो पण इंग्रजीत तो शब्द ‘य’ ने सुरू होतो, म्हणून ‘अ इयर’. आणि लक्ष ठेवायचं ते लगेच पुढच्या शब्दावर, नामावर नाही. ‘अ‍ॅन आयडिया’ पण ‘अ गुड आयडिया’.

खुर्ची आधीच भरलीये का

नामाच्या पुढे एक खुर्ची असते असं समजा. त्यावर एकच जण बसतो. माय, युवर, देअर, धिस, दॅट, एव्हरी, ईच, नो, विच, यातलं कुणी बसलं असेल तर ‘द’ ला जागा नाही. ‘द माय गाइड’, ‘द धिस मंथ’, ‘द एव्हरी स्टुडंट’ हे सगळे दोघं एकाच खुर्चीत. हे शोधायला अर्थ कळायचीही गरज नाही, नुसतं सर्च मारलं तरी सापडतात. ‘द मॅनेजर्स रिपोर्ट’ मात्र चालतं, कारण तिथला ‘द’ मॅनेजरचा आहे, रिपोर्टची खुर्ची ‘मॅनेजर्स’ ने भरलीये. इथेच लोक विचारतात की मग ‘द न्यू माय रिपोर्ट’ चालेल का, तर नाही.

‘टू’ लावून बघा

आता प्रत्येक नामाआधी मनात ‘टू’ लावायचं आणि शेवटी एस. टू क्वेश्चन्स, टू इंजिनिअर्स, जमतंय, म्हणजे हे मोजता येणारं नाम. असं नाम एकवचनात असेल आणि खुर्ची रिकामी असेल तर ते चुकलंच, काहीतरी बसवावंच लागतं. उघडं नाम पकडायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

टू इन्फर्मेशन्स, टू अ‍ॅडव्हाइसेस, टू इक्विपमेंट्स, टू फर्निचर्स, हे जमत नाही. रिसर्च, एव्हिडन्स, प्रोग्रेस, होमवर्क, सॉफ्टवेअर, फीडबॅक हेही त्यातलेच. यांना ‘अ’ कधीच लागत नाही. अडचण अशी की मराठीत आपण ‘दोन माहित्या’ म्हणत नाही पण ‘एक सल्ला दे’ बिनधास्त म्हणतो, ‘दोन सॉफ्टवेअर घेतली’ पण म्हणतो, त्यामुळे इथे मराठी कानावर विसंबू नका. शंका आली की लर्नर्स डिक्शनरी उघडा, तिथे नामापुढे ‘C’ किंवा ‘U’ असतं, ‘C’ म्हणजे मोजता येतं, ‘U’ म्हणजे नाही. एकच हवंच असेल तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

या छोट्याशा ‘अ’ ने काय फरक पडतो याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण 1969 चं आहे. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरताना जे बोलला त्यात रेकॉर्डिंगवर ‘फॉर मॅन’ ऐकू येतं. त्याचं म्हणणं होतं की त्याला ‘फॉर अ मॅन’ म्हणायचं होतं. कारण ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस, आणि नुसतं ‘मॅन’ म्हणजे सगळी मानवजात, मग ‘मानवजातीसाठी लहान पाऊल आणि मानवजातीसाठी मोठी झेप’ असा विचित्र अर्थ निघतो. म्हणजे आर्टिकल नसण्यालाही अर्थ असतो, ती रिकामी जागा नाही. पुढची तपासणी त्याच्याबद्दलच.

‘आहे’ की ‘असतं’

ही माझी आवडती, आणि खरं काम हीच करते. लोक म्हणतात आपल्या भाषेत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला तो फरकच कळत नाही. चूक. फरक आपण रोज करतो, फक्त दुसऱ्या जागी करतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’, शब्द तेच, पण पहिल्यात कुठलं तरी पुस्तक, म्हणून ‘अ बुक’, दुसऱ्यात आपल्याला माहीत असलेलं, म्हणून ‘द बुक’. ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’, पहिला आजारी आहे आणि त्याला कुणीही चालेल, दुसऱ्याला ठरावीक डॉक्टर हवेत. म्हणजे कान तयार आहे, त्याला फक्त विचारायचंय.

जास्तीचा ‘द’ पकडायला असं विचारा. वाक्य मराठीत म्हणा आणि क्रियापद ‘असतं’ येतं की ‘आहे’ ते बघा. ‘मुलं खोडकर असतात’ म्हणजे मुलं या जातीबद्दल बोलतोय, ‘चिल्ड्रन आर नॉटी’, आर्टिकल नाही. ‘मुलं खोडकर आहेत’ म्हणजे ही समोरची, ‘द चिल्ड्रन आर नॉटी’. ‘आयुष्य अवघड असतं’, मग ‘लाइफ इज डिफिकल्ट’, ‘द’ काढा. ‘पाणी गार आहे’, बादलीतलं, मग ‘द वॉटर इज कोल्ड’, ‘द’ ठेवा.

सगळ्या वाक्यात ‘असतं’ बसत नाही हे मान्य. ‘मला संगीत आवडतं’ मध्ये कुठे बसवणार. तिथे ‘कुठलं?’ असा प्रश्न विचारायचा. ‘कुठलं संगीत?’ ‘असं काही नाही, संगीतच’, हे उत्तर आलं तर ‘द’ नको. ‘आत्ता वाजतंय ते’ असं आलं तर हवा.

दोन ठिकाणी ही तपासणी फसते, ती सांगून ठेवतो. एक, ‘लायब्ररी रविवारी बंद असते’. इथे ‘असते’ आहे पण ते एकाच लायब्ररीच्या सवयीबद्दल, जातीबद्दल नाही, म्हणून ‘द लायब्ररी’. दुसरं, ‘वाघ मांसाहारी असतो’. मराठीत एक वाघ सगळ्या वाघांच्या वतीने उभा राहतो, इंग्रजीत ‘टायगर इज’ असं उघडं लिहिलं तर ‘टू’ वाली तपासणी नापास होते. ‘द टायगर’ किंवा ‘अ टायगर’ दोन्ही चालू शकतं पण कुठे कुठलं शोभतं याच्यात पडूच नका, सरळ अनेकवचन करा, ‘टायगर्स आर’, आर्टिकलचा प्रश्नच मिटला. मी स्वतः अडकलो की नव्वद टक्के वेळा हेच करतो.

आणि शाळेतला तो नियम, ‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’. हा अर्धा खरा आहे आणि माझ्या मते जास्तीच्या ‘द’ चं मूळ बरेचदा यातच असतं. ‘आय लाइक म्युझिक. द म्युझिक हेल्प्स मी स्लीप.’ लिहिणारा म्हणतो दुसऱ्यांदा आलं ना. आलं, पण अजूनही ते सगळंच म्युझिक आहे, दहाव्यांदा आलं तरी ‘द’ लागणार नाही. उलट ‘आय बॉट अ लॅपटॉप बट द स्क्रीन वॉज क्रॅक्ड’ मध्ये स्क्रीन पहिल्यांदाच आलाय तरी ‘द’, कारण लॅपटॉपला स्क्रीन एकच आणि तो कुठला ते कळलं. मोजायचं नाही, कळतंय का ते बघायचं.

मागे शेपूट आहे का

‘असतं’ वर पास झालेल्या नामालाही कधी कधी ‘द’ लागतो, मागे ‘ऑफ’ ची शेपटी असली की. ‘हिस्टरी इज इंटरेस्टिंग’ पण ‘द हिस्टरी ऑफ मॅथेमॅटिक्स’. शेपटीने ढिगातून एक तुकडा कापून दिला, आता कुठलं ते कळतंय. गंमत म्हणजे तीच माहिती नामाच्या पुढे आणली तर ‘द’ परत जातो, ‘युरोपियन हिस्टरी’, ‘मॉडर्न म्युझिक’. पुढच्या विशेषणाने सहसा ‘द’ येत नाही, मागच्या शेपटीने येऊ शकतो. येऊ शकतो म्हटलं, कारण ‘पीपल हू स्मोक’ मध्ये शेपटी आहे पण तरी जगातले सगळेच धूम्रपान करणारे, ‘द’ नको. शेपटी दिसली की परत तोच प्रश्न, कुठले ते कळतंय का.

आता एक खरा नमुना सोडवून दाखवतो, एका अर्जातला, थोडा बदललाय.

‘द एज्युकेशन चेंजेस द लाइफ. आय हॅव डन अ रिसर्च ऑन द ग्राउंडवॉटर. आय कलेक्टेड द सॅम्पल्स फ्रॉम ट्वेल्व्ह वेल्स. वॉटर इन थ्री वेल्स वॉज सॉल्टी. आय गेव्ह रिपोर्ट टु द माय गाइड अँड ही गेव्ह मी अ गुड अ‍ॅडव्हाइस.’

‘द माय गाइड’ खुर्चीवरच पकडला, ‘द’ गेला. ‘टू’ लावून बघितलं, रिसर्च आणि अ‍ॅडव्हाइस मोजता येत नाहीत, दोघांचे ‘अ’ गेले. ‘रिपोर्ट’ मोजता येतो आणि उघडा आहे, वाचणाऱ्याने त्याच्याबद्दल आधी ऐकलेलं नाही, म्हणून ‘अ रिपोर्ट’. शिक्षण आयुष्य बदलतं, कुठलं शिक्षण, सगळंच, दोन्ही ‘द’ गेले. भूजल, विषयाचं नाव आहे, ‘द’ गेला. सॅम्पल्स, वाचणाऱ्याला अजून कुठलेच माहीत नाहीत, ‘द’ गेला.

मग ‘वॉटर इन थ्री वेल्स’. इथे लिहिणाऱ्याने ‘द’ नेमका जिथे हवा तिथेच गाळलाय. ‘पाणी खारट होतं’, त्या विहिरींतलं, ठरावीक, म्हणून ‘द वॉटर’. आणि त्या तीन विहिरी कुठल्या? बारापैकीच तीन. पण ‘थ्री वेल्स’ वाचून वाटतं की आणखी तीन वेगळ्या विहिरी आल्या की काय. म्हणून ‘थ्री ऑफ द वेल्स’. त्या एका ‘द’ ने मागच्या वाक्यातल्या बारा विहिरींशी गाठ बांधली. लिहिणाऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला पण ते उघडच आहे ना. त्याला उघड आहे, विहिरी त्याने बघितल्यात.

हिशेब केला तर सात आर्टिकल्स गेली आणि तीन आली. मूळ परिच्छेदात होती ती सातही जास्तीची होती, आणि जिथे हवी होती तिथे एकही नव्हतं. हे बघून त्याला वाईट वाटलं पण मला असं अनेकदा दिसतं.

पाठ केल्याशिवाय गती नाही असा भाग

इथे तर्क संपतो. ‘गो टु बेड’, ‘अ‍ॅट होम’, ‘बाय बस’, ‘बाय ईमेल’ यात आर्टिकल नाही. ‘गो टु स्कूल’ शिकायला जाताना, ‘गो टु द स्कूल’ त्या इमारतीत काही कामाला जाताना. हॉस्पिटलमध्ये पेशंट म्हणून असाल तर ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात आणि अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’, दोन्ही बरोबर, एका लेखात एकच वापरा. नावांमध्ये नद्या, समुद्र, वाळवंटं आणि डोंगररांगांना ‘द’ लागतो, द नाइल, द सहारा, द हिमालयाज, पण एकट्या शिखराला सहसा नाही, माउंट एव्हरेस्ट, आणि सरोवराला नाही, लेक व्हिक्टोरिया. देशांना बहुतेक नाही, पण द नेदरलँड्स, द फिलिपिन्स, द युनायटेड स्टेट्स. भाषेला नाही, ‘मराठी’, पण मागे ‘लँग्वेज’ लावलं की ‘द मराठी लँग्वेज’. याची कारणमीमांसा करत बसू नका, डिक्शनरीत बघा आणि पुढे चला.

एक सावधगिरी. मथळे, बटणं, सूचनांच्या पाट्या यात आर्टिकल्स जागा वाचवायला मुद्दाम गाळलेली असतात, स्क्रीनवर ‘डिलीट फाइल?’ असंच येतं. ते बघून बघून कान बिघडतो. तुमचा मथळा तसा लिहा हवं तर, पण खालचा मजकूर नको.

कुठे थांबायचं

साध्या मेलमध्ये एखादा ‘द’ राहिला तर काही बिघडत नाही, दोनदा वाचा आणि पाठवा. तिसऱ्यांदा वाचायला बसलात की बरोबर असलेलं बिघडवायला लागता, हे मी खूप बघितलंय.

पण काही कागदांना स्वतः हात लावू नका. करारात ‘अ डायरेक्टर’ ची सही म्हणजे कुठल्याही एका डायरेक्टरची, ‘द डायरेक्टर’ ची म्हणजे ठरलेल्या एकाचीच, तिथे वकीलच हवा. पेटंटच्या दाव्यांत भाग पहिल्यांदा ‘अ’ ने ओळख करून द्यायचा आणि मग ‘द’ ने, ओळख नसताना ‘द’ आला तर परीक्षक दावा अस्पष्ट म्हणून परत पाठवू शकतो. आणि न लिहिलेला ‘द’ किती लांब जाऊ शकतो ते बघायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 1967 चा ठराव 242 बघा. इस्रायलच्या माघारीबद्दल इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’ आहे, आधी ‘द’ नाही, फ्रेंच मसुद्यात मात्र आर्टिकल आहे. माघार सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून यावर तेव्हापासून वाद चालू आहे.

तिसरी जागा म्हणजे डिक्शनरीत ज्याच्यापुढे ‘C’ आणि ‘U’ दोन्ही आहेत असं नाम. ‘एक्सपिरिअन्स’ म्हणजे कामाचा अनुभव, ‘अ‍ॅन एक्सपिरिअन्स’ म्हणजे घडलेला एक प्रसंग. असे शब्द प्रबंधात किंवा छापायच्या लेखात असतील आणि वरच्या तपासण्यांनी निकाल लागत नसेल तर त्या भाषेत वाढलेल्या किंवा त्या विषयाचं संपादन करणाऱ्या माणसाला दाखवा. फक्त अख्खा ड्राफ्ट पाठवून ‘आर्टिकल्स बघ’ म्हणू नका. अडलेल्या चारपाच जागांवर खूण करा आणि प्रत्येक खुणेशेजारी तुम्हाला काय म्हणायचंय ते एका ओळीत लिहा, एकच विहीर की सगळ्या, कारण ते त्याला वाक्यावरून कळणार नाही.